वरातीतला उजेड

चिखलीचा ज्ञानेश लग्नाचे व्हिडिओ काढायचा, पण कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे अंधारात उजेड टिपायची ताकद, वाढवायचा म्हटलं की कच खायचा. आयएसओ वाढला की चित्रात वाळूसारखे दाणे येतात, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून गावातल्या तनुजाच्या भावाच्या वरातीत त्यानं तो चारशेवरच ठेवला. चित्रण काळंकुट्ट आलं. मग घरी कॉम्प्युटरवर उजेड वाढवायला गेला, तर सगळ्यांच्या तोंडावर दाण्यांचा चिखल झाला.

त्या वरातीत तनुजाचे वडील, कोंडाजी, नाचले होते. परवा ते गेले. "बाबा नाचताना एवढे एकदाच सापडलेत भाऊ," तनुजा म्हणाली, "जरा साफ करून द्या." त्यानं दाणे पुसून बघितले, तर चेहरा मेणाचा दिसायला लागला.

त्याच आठवड्यात रहाटणीच्या वरातीत त्यानं जिवावर उदार होऊन आयएसओ बत्तीसशे केला, लेन्स पूर्ण उघडली, आणि रस्त्याच्या दिव्यात, बँडवाल्यांच्या झुंबरांत चेहरे उजळ येतील असं बघितलं. चेहरे स्वच्छ आले. दाणे होते, पण कोपऱ्यातल्या अंधारात, बारीक. त्यानं तनुजाच्या भावाच्या वरातीची क्लिप शेजारी लावून बघितली.

तनुजाला त्यानं तीच जुनी क्लिप दिली. "असू द्या," ती म्हणाली, "अंधारच होता, तुमचा काय दोष?"

ज्ञानेशनं मान हलवली. तिच्या भावाच्या वरातीत कोंडाजी मुद्दाम खांबाच्या दिव्याखाली येऊन ओरडले होते, "ज्ञानेशराव, हितं उजेड हाय, हितं काढा!"