रा. रा. आणि कै.

म्हसावदच्या हिंमतराव पाटलांकडे सहाशे चाळीस पुस्तकं होती आणि त्यांहून मोठा अभिमान होता. "नाव सांगा, पान लावून होईस्तोवर पुस्तक हातात देतो," असं ते भेटेल त्याला ऐकवत. गाव आपलं कापूस, जोंधळा नि बैलांच्या किमती बोलायचं. ह्यांचं ऐकणार कोण? बायको, प्रमिलाबाई. तीही पुस्तकं झटकता झटकता.

पद्धत मात्र पक्की होती हो. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर कपाट, फळी आणि क्रमांक. एका वहीत विषयवार यादी, दुसरीत फळीवार. आणि लेखकांच्या सुट्ट्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या दोन डब्यांत. दोन का? तर मुखपृष्ठावर जे छापलं ते जसंच्या तसं उतरवायचं, असा हिंमतरावांचा खाक्या. सगळे लेखक आपले 'रा. रा.'च. म्हणून एक डबा 'रा. रा.'चा, आत नावाच्या अक्षरानं लावलेला. दुसरा 'कै.'चा. वर्तमानपत्रात कुणी लेखक वारल्याचं आलं, की हिंमतराव हळहळत, चिठ्ठीवरचं रा. रा. खोडत आणि गरीब बिचाऱ्याला दुसऱ्या डब्यात नेऊन ठेवत.

छत्तीस सालच्या चैत्रात एक म्हातारे गृहस्थ छकड्यातून दारात उतरले. घामाघूम, हातात छत्री.

"मी बोरसे. धुळ्याहून आलो. तुमच्याकडे म्हणे मागेल ते पुस्तक सापडतं?"

हिंमतरावांची छाती फुगली. इतक्या वर्षांनी देवानं खरं गिऱ्हाईक धाडलं होतं!

"पुस्तकाचं नाव 'शेतकऱ्याचा धाकटा भाऊ'. लेखक मीच, त्र्यंबक दगाजी बोरसे. बैलांची निगा आहे त्यात. वाळवीनं माझ्याजवळची शेवटची प्रत खाल्ली. छापखानेवाला दुसरी आवृत्ती काढायला तयार आहे, पण उद्या प्रत दाखवली तरच. सगळीकडे पायपीट झाली. आता तुम्हीच."

डब्याकडे गेलेला हात हिंमतरावांनी मागे घेतला. मागच्या दिवाळीतच पेपरात आलं होतं, 'त्र्यं. द. बोरसे यांचे देहावसान'. तो कुणी दौलतचा त्र्यंबक असावा! आणि यांनी दगाजीच्या त्र्यंबकाला उचलून कैलासवासी करून टाकलं होतं. आता जित्या माणसासमोर तो डबा उघडायचा कसा?

"बसा, बसा," म्हणत त्यांनी विषयांची वही काढली. 'शेती' पाहिलं, नाही. 'गुरंढोरं' पाहिलं, नाही. 'औषधं', नाही. मग ते फळीवार वही घेऊन पहिल्या कपाटाच्या पहिल्या ओळीपासून बोट फिरवत बसले. सहाशे चाळीस ओळी!

"शहाद्याहून चारची मोटार आहे माझी," बोरसे म्हणाले. "नसेल तर तसं सांगा. वाईट नाही वाटणार." पण वाटत होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी लिहिलेलं ते एकच पुस्तक.

पाणी घेऊन आलेल्या प्रमिलाबाईंना राहवलं नाही.

"आहो, बोरसे ना? तेसनी चिठ्ठी तं कैलासवासीसमा शे! तुम्हीच नही का टाकी, दिवाळीले?"

हिंमतरावांना धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. बाईंनी 'कै.'चा डबाच आणून पुढ्यात ठेवला. 'कै. त्र्यंबक दगाजी बोरसे. शेतकऱ्याचा धाकटा भाऊ. विषय: नातीगोती. कपाट ख, फळी ३, क्रमांक ११.'

"नातीगोती?" बोरसे ओरडले.

"नावावरून वाटलं," हिंमतराव पुटपुटले. "उघडून पाहिलं नव्हतं."

पण कपाट ख, तिसरी फळी, अकरावं. होतं! कोरं करकरीत. बोरशांनी ते दोन्ही हातांत धरलं आणि डोळे पुसत पुसत इतके हसले, की गाडीवान आत डोकावून गेला.

रिकाम्या जागी हिंमतरावांनी 'पुस्तक बोरशांकडे' अशी पट्टी ठेवली. बोरशांनी मात्र डब्यातली चिठ्ठी मागून घेतली, 'कै.' खोडलं आणि सगळ्यांत पुढे 'बोरसे' लिहिलं.

"आडनावावर लावा, पाटील. माणूस असला काय, नसला काय, जागा तीच राहते. आणि पुस्तक आधी वाचा, मग विषय ठरवा!"

सहाशे चाळीस पुस्तकं उघडून पाहायला हिंमतरावांना अख्खा पावसाळा लागला. डबा एकच उरला. दुसऱ्यात प्रमिलाबाईंनी मेथ्या भरल्या.

पाच वर्षांनी पेपरात पुन्हा बोरसे आले. या वेळी दगाजीचेच, फोटोसकट. हिंमतरावांनी दोनदा वाचलं. चिठ्ठी काढली, 'कै.' लिहायला टाक उचलला आणि खाली ठेवला.

"काय करी ऱ्हायनात?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"काही नही," म्हणत त्यांनी चिठ्ठी होती तिथेच, 'ब'मध्ये, परत ठेवली.