उस्तादांचा फ्रिज

भाद्रपदातल्या दुपारी चाचीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या माझ्या दुकानात होतो. चाची म्हणजे माझ्या उस्तादांची बायको. अकोल्यात उस्तादांच्या हाताखाली मी बारा वर्षं फ्रिज दुरुस्तीचं काम केलं. आयटीआय करून गेलो होतो, पण खरं शिकलो ते त्यांच्याकडेच. त्यांनी दुकान बंद करून चार वर्षं झाली होती.

"बेटा, फ्रिज चोवीस घंटे चालून राहिला, पन थंड काही करत नाही. सकाळचं दूध दुपारी फाटते."

"उस्ताद काय म्हणतात?"

ती म्हणाली, "त्याईलेच तर सांगता येत नाही आता. तूच ये."

त्यांना विसर पडायला लागलाय हे कानावर होतं. म्हातारपण आहे, म्हणून मीही ते मनावर घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली.

दार उस्तादांनीच उघडलं. मला नावानं हाक मारली, घरच्यांची विचारपूस केली. बनियन उलटं घातलेलं होतं, एवढंच. मला हायसं वाटलं.

फ्रिज एका दाराचा, मागच्या बाजूला उघड्या जाळीचा. मी तो भिंतीपासून ओढला. ती जाळी म्हणजे कंडेन्सर. आतली गरमी तिथून बाहेर पडते. घराला लागूनच कापसाचं जिनिंग होतं, आणि वर्षानुवर्षांची रुई जाळीवर गोधडीसारखी बसली होती. गरमी जाणार कुठून? खाली कॉम्प्रेसरला हात लावला तर चटका बसला.

दार उघडलं. वरच्या बर्फाच्या कप्प्याभोवती चार बोटं जाड बर्फ. आतून गॅस फिरणारा, थंडावा देणारा पत्रा त्या बर्फाखाली गाडला गेला होता, त्यामुळे खालच्या कप्प्यांत थंडी उतरतच नव्हती.

"एवढा बर्फ कसा झाला, चाची?"

तिनं उस्तादांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दिवसातून वीस खेपा उघडतात. उघडाच ठेवून बसतात समोर. म्हनतात, तपासून राहिलो."

बाहेरची दमट हवा आत जात होती आणि पत्र्यावर गोठत होती. मी प्लग काढला, दार उघडं टाकलं, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवलं आणि जाळी साफ करायला बसलो. उस्ताद शेजारी उकिडवे बसले.

"वरून खाली मार ब्रश," ते म्हणाले. "आडवा मारशील तं तारा वाकतीन."

त्यांचं बरोबर होतं. मला वाटलं, चाची उगाच घाबरली आहे.

कॉम्प्रेसर गार झाल्यावर सुरू होतो का ते पाहावं म्हणून प्लग लावला. नुसता घुमला आणि काही सेकंदांत टक् करून बंद पडला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. इतके दिवस तो थांबलाच नव्हता, म्हणून हा दोष कळला नव्हता. मी प्लग काढला. माझ्याआधी उस्तादांचा हात खाली गेला. त्यांनी कॉम्प्रेसरला सुरू करणारा बाजूचा छोटा रिले ओढून काढला आणि कानाशी धरून हलवला. आत तुकडे खुळखुळले.

"गेला," ते म्हणाले. "कॉम्प्रेसर चांगला हाये. याले ढकलनाराच नाही राह्यला. जा, घेऊन ये."

कॉम्प्रेसर जळाला म्हणून भंगारात टाकायला निघालेले किती फ्रिज त्यांनी एवढ्या एका रिलेवर उभे केले होते! मी हसत हसतच बाजारात गेलो. पिशवी उघडी, हत्यारं फरशीवर तशीच. मी त्यांच्या घरी होतो. हत्यारं आवरून जावं असं मनातही आलं नाही.

परतायला पाऊण तास लागला. उस्ताद फ्रिजसमोर गुडघ्यांवर बसले होते. फरशीवर बर्फाची ढेकळं, पाणी. चाची पदर तोंडाशी धरून दारात उभी. उस्तादांच्या हातात माझा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, होता.

"पाह्य, साफ करून ठेवलं," ते खुशीत म्हणाले.

पत्र्याकडे पाहण्याची मला हिंमत झाली नाही. नवा रिले बसवला, प्लग लावला. कॉम्प्रेसर एका झटक्यात सुरू झाला, आवाज एकदम साफ. उस्तादांनी डोळे मिटून ऐकला. मग मागे जाऊन जाळीवर तळवा ठेवला आणि थांबले. दहा मिनिटं झाली. जाळी गरम व्हायला हवी होती. ती थंडच राहिली.

"गॅस नाही याच्यात," ते म्हणाले.

ते पुढे आले. ओल्या पत्र्यावरून बोट फिरवत गेले आणि एका कोपऱ्यात थांबले. बोट तेलकट झालं होतं. तिथं बारीक भोक होतं. त्यांनी बोट माझ्यापुढे धरलं.

"कोन्हं मारला पेचकस?"

चाचीनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे पाहून नाही म्हणून मान हलवली.

"काहून बोलत नाही? तू मारला?"

"हो उस्ताद. माह्याच हातून झालं."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग येण्याआधी त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख आलं ते मला अजून दिसतं. "बारा वर्षं सांगून राहिलो तुले. बर्फ पानी घालून काढाव, लोखंड लावू नाही. बारा वर्षं!" त्यांचा आवाज फाटला. "उद्यापासून दुकानात येऊ नको."

मी प्लग काढला. चालू ठेवला असता तर भोकातून पाणी ओढलं गेलं असतं आणि होता तो कॉम्प्रेसरही गेला असता. हत्यारं गोळा केली आणि निघालो. चाची फाटकापर्यंत आली.

"तू काहून घेतलं आपल्यावर? मी सांगतो त्याईले."

"नका सांगू, चाची. विसरून जातीन ते."

पण ते विसरले नाहीत. आठवडाभरात मी दुकानातला एक चांगला फ्रिज टेम्पोनं पाठवला. महिन्यानं भेटायला गेलो तेव्हा उस्तादांना चाचीचं नाव आठवत नव्हतं, मुलगी कुठे दिली ते आठवत नव्हतं. मला मात्र ओळखलं. शेजारचे एक गृहस्थ बसले होते, त्यांना म्हणाले, "हा आपला शागीर्द. यानं माह्या फ्रिजले भोक पाडलं."

त्यानंतर मी दर महिन्याला जायचो. ते मला पुढच्या खोलीत बसू द्यायचे नाहीत. मी स्वयंपाकघरात चाचीजवळ चहा प्यायचो आणि निघायचो. एकदा चाचीनं न राहवून त्यांना खरं सांगितलं. ते दिवसभर स्वतःच्या हातांकडे बघत बसले, जेवले नाहीत, आणि सकाळी उठून पुन्हा माझंच नाव घेतलं. मग तिनंही तो विषय सोडला.

थंडीत ते गेले. शेवटचे काही आठवडे कुणाशीच बोलत नव्हते. माझ्यावरचा रागही त्या सुमारास गेला असावा, कारण शेवटच्या खेपेला त्यांनी मला पलंगाशी बसू दिलं. मी कोण, हे त्यांना कळत नव्हतं.

खोटं बोललो याचं मला वाईट वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. चाचीनं फोनवरच सांगितलं होतं की त्यांना आता सांगता येत नाही. मी घरात शिरल्यावर त्यांनी दोन गोष्टी बरोबर सांगितल्या, आणि मला जे हवं होतं तेच मी खरं मानलं. हत्यारं फरशीवर टाकून मीच गेलो होतो.