काटेकाकांचा सबमीटर

काटेकाकांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. बोलण्यात काटेकोरपणा आणि हिशेबात काटा, म्हणून काटेकाका. माणूस सरकारी गोदामातून निवृत्त झाला, पण गोदाम काही त्याच्यातून निवृत्त झालं नाही. दुमजली घरात वर स्वतः, खाली तीन खोल्या भाड्याने. भाडं वेळेवर आलं तरी काकांच्या कपाळावरची आठी जात नसे. ती बिलासाठी राखलेली होती.

घराला विजेचं कनेक्शन एकच, काकांच्या नावावर. प्रत्येक खोलीच्या दाराबाहेर त्यांनी आपला एक सबमीटर बसवला होता. मुख्य बिलाला एकूण युनिटांनी भागायचं आणि ज्याच्या-त्याच्या युनिटांनी गुणायचं, इतकी ही सरळ गोष्ट. पण काका भाडेकरूंना सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर लावत. "वरचे युनिट तुमच्यामुळेच येतात ना?" हे त्यांचं अर्थशास्त्र. खालचे स्वस्त टप्पे अर्थातच काकांच्या पंख्याखाली वाऱ्याला बसत. पाणी माणशी वाटलं जाई, पण कोपऱ्यातल्या खोलीतल्या शिवणवाल्या ताईंच्या वाट्याला ते दोन माणसांचं येई. कारण? गिऱ्हाइकं पाणी मागतात.

ताई एकट्या. खोली हेच घर आणि हेच दुकान, सगळी गिऱ्हाइकं आसपासची. पाण्याचं त्यांनी सोसलं. पण लागोपाठ तीन महिने सबमीटरचे युनिट जवळजवळ दुप्पट आले, तेव्हा दर महिन्याला त्यांनी नेहमीएवढेच पैसे दिले आणि वरचे देणार नाही म्हणून सांगितलं. काकांनी निकाल दिला, "महिनाअखेर बाकी भर, नाहीतर खोली रिकामी कर."

"काका, मशीन तेच, इस्त्री तीच. वीज एवढी जाते कुठे?"

"मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो."

वाद दारात आला, शेजारी जमले. बघे दिसले की काकांना जोर चढे. ते म्हणाले, "चला, सगळ्यांसमक्ष होऊन जाऊ दे! हिच्या खोलीतलं सगळं बंद करा. मीटरवरचा दिवा लुकलुकायचा थांबला की मीटर ठीक. मग बाकी भरायची."

सूचना अगदी बरोबर होती. काकांचं दुर्दैव एवढंच, की ती त्यांनी स्वतः केली.

ताईंनी दिवा, पंखा, मशीन सगळं बंद केलं. शेवटी खोलीतला मेन स्विचही पाडला. सगळे मीटरपाशी माना वर करून उभे राहिले. छोटा लाल दिवा लुकलुकत राहिला, तोही चांगला झपाट्याने.

"बघा! आत काहीतरी लपवून चालू ठेवलंय," काका ओरडले.

"मेन पाडलाय काका. या, आत येऊन शोधा. कपाट उघडते, गादी उचलते."

तेवढ्यात वरून काकूंचा आवाज आला, "अहो, टाकी भरली! पंप बंद करतेय हं!"

खट्कन बटण वाजलं आणि लाल दिवा थांबला.

सगळ्यांच्या माना मीटरवरून काकांकडे वळल्या. मग शेजारची आजी म्हणाली, "ताई, एवढं पाणी पितेस होय गं?"

झालं होतं असं. तीन महिन्यांपूर्वी पंपाची जुनी वायर जळाली होती. वायरमनला पैसे कशाला द्यायचे, म्हणून काकांनी स्वतः पक्कड घेतली. वायर कमी लागावी म्हणून जवळात जवळची लाइन पकडली, आणि ती होती ताईंच्या सबमीटरमधून निघून त्यांच्या मेन स्विचकडे जाणारी. घरभर पाणी चढवणारा पंप ताईंच्या युनिटांवर फिरत होता.

"नजरचूक," काका म्हणाले. "माझ्या फायद्याची असती तर पहिल्याच महिन्यात लक्षात आली असती तुमच्या," ताई म्हणाल्या.

मग दुसऱ्या दिवशी टाकी भरताना सगळ्यांसमोर पंप तासभर चालवला. आधीचं आणि नंतरचं रीडिंग दोघांनी मिळून वाचलं, फोटो काढला. तासाचे युनिट कळले. पंप रोज तेवढाच चालतो हे काकूंनीच सांगितलं. तेवढे युनिट तिन्ही महिन्यांतून वजा झाले आणि सामायिक खर्चात गेले. त्यात काकांचाही वाटा आला. बाकी उरली नाही, खोली सोडायचा प्रश्नही उरला नाही.

पण ताई तिथे थांबल्या नाहीत. "मला वीज कंपनीचा वेगळा मीटर हवा. तुमची संमती द्या."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," ताई म्हणाल्या.

एवढं सोपं उत्तर काकांना आयुष्यात कुणी दिलं नसावं. त्यांनी सही केली. वेगळा मीटर आला, ताईंचे युनिट खालच्या टप्प्यापासून मोजले जाऊ लागले आणि बिल उतरलं. पाण्याचा वाटाही एका माणसाचा झाला.

आणि काका? ते हल्ली नव्या भाडेकरूंना सांगतात, "आमच्याकडे वेगळ्या मीटरचीच पद्धत. मीच सुरू केली. हिशेब कसा, काटेकोर हवा."