खोली बदलली की आकार बदलतात

ही हकिगत मी अनेकदा सांगितली आहे, पण खोटी. तिच्यात दवाखान्याने बिल फुगवलेलं असे आणि माझा अंदाज रुपयाला रुपया बरोबर निघालेला असे. ऐकणारे हसत, माना डोलावत, आणि मी पुढचा विषय काढी. खरं काय घडलं ते सांगायचं मी टाळत आलो. आता ज्यांच्यासमोर मान खाली घालावी लागली असती त्यांतले बहुतेक राहिले नाहीत, म्हणून लिहायला बसलो आहे. यात धीर कसला म्हणायचा!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळी गोठवायचा एक कारखाना होता, तिथे मी हिशेबनीस होतो. मालकांनी सगळ्या कामगारांचा आणि त्यांच्या घरच्यांचा दवाखान्याचा विमा उतरवला. आमच्याकडे तोवर विमा म्हणजे माणूस गेल्यावर मिळणारे पैसे. जिवंत माणसाला विमा मिळतो म्हटल्यावर एका पॅकिंगवाल्या बाईने मला विचारलं होतं, "म्हणजे थोडं मरायला लागतं काय?"

थोडं मरायला लागायचंच. दवाखान्याचे पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं पाठवायची, मग दोनेक महिन्यांनी चेक. तोही पूर्ण नाही. खोलीचं भाडं दिवसाला साठ रुपयांपर्यंतच मंजूर. जे मंजूर होईल त्यातला पाचवा हिस्सा कामगाराचा. आणि काही गोष्टी मुळातच विम्याबाहेर: नोंदणीची फी, सोबतीला राहणाऱ्याची खाट, त्याचं जेवण, पोटाला बांधायचा पट्टा.

मला याचा नादच लागला. लोक शब्दकोडी सोडवतात तसा मी हे सोडवी. पाचवा हिस्सा कशाचा, सगळ्या बिलाचा की मंजूर रकमेचा? मी विमा कंपनीच्या शाखेत जाऊन विचारून आलो. आधी विम्याबाहेरचं सगळं वजा करायचं, उरेल त्याचा पाचवा. हे कळलं त्या दिवशी मी सायकलवरून गाणं गुणगुणत घरी आलो. थोड्याच दिवसांत कारखान्यात कुणाच्या घरी ऑपरेशन निघालं की लोक डॉक्टरच्या आधी मला विचारू लागले, "भाऊ, आपल्या पदरचे किती जातील?"

आमच्या शीतगृहाच्या यंत्रांवर एक फिटर होता. माझ्याहून मोठा, आतल्या गावातला, कमी बोलणारा. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बायकोची पिशवी काढायला सांगितलीय," तो म्हणाला. "विम्यात बसता काय ता?"

पहिल्या वर्षी हे ऑपरेशन विम्यात बसत नव्हतं, पण ते वर्ष उलटलं होतं. बसतं म्हणून सांगितलं.

"मग भाऊ, एकटीची खोली घेतली तर किती जास्ती जातील तेवढं बघा. ती कधी परक्या माणसासमोर निजली नाय. दुसऱ्या खाटेवर कोण बाई, तिचे पाव्हणे येणार-जाणार. म्हणते, मी घरीच मरते त्यापेक्षा."

"आणि जास्त जात असतील तर?"

"तर समजूत घालीन. माझी ऐपत तिला ठावूक हाय."

म्हणजे सगळं माझ्या आकड्यावर होतं. ऑपरेशन शहरातल्या ज्या नर्सिंग होममध्ये व्हायचं होतं, तिथे मी त्या संध्याकाळी गेलो. खिडकीत पैसे घ्यायला एक बाई बसत. माझ्याच वयाच्या, चष्मा लावणाऱ्या, नेमकं बोलणाऱ्या. सगळे त्यांना ताई म्हणत. इतरांच्या ऑपरेशनच्या चौकश्यांसाठी मी तिथे आधीही जाऊन आलेलो होतो.

"आलात?" त्या म्हणाल्या. "आज कोणाचं पोट फाडताय?"

मी विचारत गेलो, त्या सांगत गेल्या. दोन खाटांची खोली साठ रुपये दिवसाला, एकट्याची नव्वद. आठ दिवस राहावं लागेल. डॉक्टर, भूल देणारे आणि थिएटर मिळून सोळाशे. औषधं सहाशेच्या आसपास. विम्याबाहेरचं किरकोळ दीडशे.

मी वही मिटत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "हे साठवाल्या खोलीचं सांगत्ये हं. खोली बदलली की आकार बदलतात."

"हो हो," मी म्हणालो. "लिहिलंय. साठ आणि नव्वद."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणखी काही बोलणार होत्या. पण माझ्या मागे एक म्हातारबा पावती घेऊन उभा होता, तो पुढे सरकला आणि मी बाहेर पडलो.

माझ्या डोक्यात एकच होतं. सुरी तीच, टेबल तेच, डॉक्टर तेच. ऑपरेशन झाल्यावर बाई कुठल्या खोलीत निजते त्याच्याशी सुरीचा काय संबंध? तेव्हा फरक पडणार तो फक्त भाड्यात. रोजचे तीस, आठ दिवसांचे दोनशे चाळीस.

दुसऱ्या दिवशी फिटरला मी सगळं समजावलं. दवाखान्यात भरायचे तीन हजार सत्तर. त्यातले मंजूर होतील सव्वीसशे ऐंशी, त्याचा पाचवा हिस्सा पाचशे छत्तीस तुझा. विम्याकडून परत एकवीसशे चव्वेचाळीस. तुझ्या पदरचे नऊशे सव्वीस. दोन खाटांच्या खोलीत राहिली तर त्यात दोनशे चाळीस वाचतील, बस.

"दोनशे चाळीस ना?" तो म्हणाला. "मग घेऊया. जन्मात एकदा मागितलान तिनं."

पतपेढीचं कर्ज काढून त्याने बत्तीसशे रुपये उभे केले. ऑपरेशन नीट झालं. मी बघायला गेलो तेव्हा वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या, खिडकीतून आंब्याचं झाड दिसत होतं. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरी आमी सात जणा एवढ्याच खोलीत निजायचो."

घरी सोडायच्या दिवशी कारखान्यात निरोप आला: भाऊंना ताबडतोब पाठवा. मी गेलो तर खिडकीपाशी फिटर उभा होता, वहिनींचा भाऊ होता, आणखी दोघं-तिघं नातेवाईक. बिल तीन हजार आठशे सत्तरचं होतं. डॉक्टर, भूल आणि थिएटर यांच्यापुढे सोळाशेऐवजी चोवीसशे.

"यांनी सोळाशे सांगितले होते," फिटर मला म्हणाला. कमी बोलणाऱ्या त्या माणसाचा आवाज सगळ्या बाकांपर्यंत जात होता. "आता म्हणतात चोवीसशे. गरीब बघून गळा कापतात."

"अहो, एकट्याच्या खोलीला सगळेच आकार जास्त," ताई म्हणाल्या. "खोली तशी फी, आमच्याकडे पहिल्यापासून आहे. मी यांना सांगितलं होतं." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. "सांगितलं होतं ना मी तुम्हाला?"

आवाज ऐकून मोठे डॉक्टर आतून आले होते. तेही माझ्याकडे बघत होते. फिटर बघत होता. त्या क्षणी मला ताईंचं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. आकार बदलतात. बदलतो नव्हे, बदलतात. एक भाडं नव्हे, सगळे.

"नाही," मी म्हणालो. "मला असं काही सांगितलं नव्हतं."

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

डॉक्टर म्हणाले, बिल नियमाप्रमाणे आहे, ते बदलणार नाही. पण आधी कल्पना द्यायला हवी होती, ती आमची चूक. मी कारखान्यात जाऊन फिटरला उचल मिळवून दिली, कमी पडणारे पैसे भरले, रिक्षा बोलावली. सगळे मला धन्यवाद देत होते. पुढच्या खेपेला मी त्या दवाखान्यात गेलो तेव्हा खिडकीत एक तरुण मुलगा होता. ताईंना आत औषधांच्या कोठारात बसवलं होतं. पेशंटला दर नीट सांगत नाहीत, म्हणून.

दोन महिन्यांनी चेक आला. एकवीसशे चव्वेचाळीस.

कारखान्यात एकच बोलणं झालं. बघा, विमा कंपनीनेही भाऊंचाच आकडा धरला. वरचे आठशे दवाखान्याने लुबाडले. मला मात्र चैन पडेना. बिलात तर चोवीसशे होते. ते धरले तर मंजूर व्हायला हवे होते चौतीसशे ऐंशी, आणि पाचवा हिस्सा जाऊन मिळायला हवे होते सत्तावीसशे चौऱ्याऐंशी. माझा चुकलेला आकडा बरोबर आला कसा?

मी शाखेत गेलो. तिथल्या साहेबांनी करारातला एक परिच्छेद दाखवला. तो मी वाचला होता, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. हक्काच्या खोलीपेक्षा महाग खोली घेतली तर डॉक्टरची फी आणि थिएटरसुद्धा त्याच प्रमाणात कापून मंजूर होतं. औषधांना ही कात्री नाही.

"साठाला नव्वद," साहेब म्हणाले. "तीनातले दोन भाग. चोवीसशेचे सोळाशे."

"म्हणजे ती बाई साठच्या खोलीत राहिली असती तरी तुम्ही एवढेच दिले असते?"

"एवढेच. दवाखाने खोली बघून फी लावतात, ठाऊक आहे आम्हाला. तुमच्या हक्काच्या खोलीत जो खर्च आला असता तोच आम्ही मोजतो. वरचा सगळा तुमचा."

मला आनंद झाला, हे लिहायला हवं. कोडं इतकं सुरेख सुटलं होतं. ताईंचं एक वाक्य आणि करारातला एक परिच्छेद एकमेकांत किल्ली-कुलुपासारखे बसत होते. खोलीचा खरा फरक दोनशे चाळीस नव्हता, एक हजार चाळीस होता. मी जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत खूश होतो. मग आठवलं, की हे मला विमा कंपनीच्या आधी एका बाईने फुकट सांगितलं होतं, आणि ती आता गोळ्या मोजत बसली आहे.

तिथून दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता. मी कारखान्यात परत गेलो. त्यानंतर अंदाज सांगताना मी खोलीवरून फी बदलते हे न चुकता सांगू लागलो. कुठून कळलं, ते कधी सांगितलं नाही. फिटरने कर्ज हळूहळू फेडलं आणि दर शिमग्याला माझ्याकडे नारळ आणून देत राहिला. मी ते घेत राहिलो.

ताईंनी पुढे ती नोकरी सोडली. बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी राजापूरला गेलो होतो. एसटीला वेळ होता म्हणून बाजारात काजू घ्यायला थांबलो. गल्ल्यावर त्याच होत्या. केस पांढरे, चष्मा जाड. दुकान भावाचं, असं बोलण्यात कळलं.

त्यांनी मला ओळखलं. कसं कळलं म्हणाल, तर मी भाव विचारला तेव्हा त्या हसल्या.

"अख्ख्याचा वेगळा, पाकळीचा वेगळा, तुकड्याचा वेगळा," त्या म्हणाल्या. "आधीच सांगत्ये. माल बदलला की भाव बदलतो. लिहून घ्यायचंय का?"

त्यांच्या मागे भिंतीवर दिनदर्शिका होती, मी तिच्याकडे बघत राहिलो. वाक्य कधीपासून तयार होतं. लहानसंच होतं, एका दमात होण्यासारखं. ताई, तुम्ही मला सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं होतं. मला माफ करा.

"पाकळी द्या," मी म्हणालो. "पाव किलो."