बुडालेल्या दिवसानंतरचा दिवस

हॉस्पिटलात तिला सगळे मावशी म्हणत, अगदी तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. चादरी बदलणं, रुग्णांना शौचाची भांडी देणं-उचलणं, रुग्णाला कुशीवर वळवणं ही तिची कामं. बरीच वर्षं ती कंत्राटावर होती. या वर्षी वरून कळलं, की दहावी पास असलेल्यांनाच कायम करणार, बाकीच्यांचं कंत्राट पुढे चालेल याची खात्री नाही. मावशी शाळेत असताना गणितात आणि इंग्रजीत नापास झाली होती. त्या दोन विषयांना बाहेरून बसायचं तिने ठरवलं आणि मोठ्यांसाठीच्या संध्याकाळच्या वर्गातून पुस्तकं आणली.

नवरा पहाटे ट्रक घेऊन निघायचा. तो गेला, की ओट्याजवळच्या स्टुलावर ती पुस्तक उघडून बसायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली. फुल्यांची ओळ वाढायला लागली, तशी ती येता-जाता तिच्याकडे बघायची.

मग एकदा दुसरी आया आली नाही आणि मावशीला सलग दोन ड्युट्या कराव्या लागल्या. घरी येऊन ती आडवी झाली ती गजर वाजलेला कळलाच नाही. उठली तेव्हा ऊन खिडकीत आलं होतं. कॅलेंडरवर तो चौकोन रिकामा राहिला.

संध्याकाळी सकाळचं बुडालेलं भरून काढायचं म्हणून ती बसली. डोकं चालेना. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली, रडली, पुस्तक मिटलं. याआधीही असंच झालं होतं. एक दिवस चुकला, की तिला वाटायचं, आता यात काही राम नाही. मग कितीतरी दिवस पुस्तक फळीवर, आणि कधीतरी हुरूप आला की पुन्हा पहिल्या पानापासून श्रीगणेशा. नवऱ्याने फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझ्याच्याने होत नाही, उगाच जीव जाळून घेत होते. "बरं," म्हणून त्याने फोन ठेवला. ते नुसतं 'बरं' तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ती पुस्तकं घेऊन संध्याकाळच्या वर्गात गेली, शिकायला नाही, परत द्यायला. वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी गणिताचं पुस्तक हातात घेऊन चाळलं. सुरुवातीची पानं मळून सुटी झाली होती. मधल्यापासून पुढची पानं कोरी, एकमेकांना चिकटलेली.

"दर वेळी पहिल्यापासून सुरू करता का?" त्यांनी विचारलं.

"नीट व्हायला पाहिजे ना, बाई. मध्येच खंड पडला की सगळं वाया गेल्यासारखं वाटतं."

"म्हणून पहिले धडे तुम्हाला पाठ आहेत आणि पुढचे कधी आलेच नाहीत. या वेळी कुठे थांबलात?"

मावशीने पान दाखवलं.

"मग तिथूनच. आज एकच गणित करा."

मावशीला राग आला. एका गणिताने दोन दिवस कसे भरून निघतील, असं तिने विचारलं.

"नाही निघणार. भरून काढायचंच नाही. गेले ते गेले, पण आधीचं शिकलेलं कुठे गेलं? ते आहेच." बाईंनी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. "पुन्हाही बुडेल. तुमची ड्युटी काय तुम्हाला विचारून लागते? बुडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त बसा. थोडंच करा, पण बसा."

त्या दिवशीचं गणित तिचं चुकलं. तरी सकाळी ती स्टुलावर बसली. आनंद कसला, हात जड, डोळे चुरचुरणारे. पण पान पुढचं होतं. दोन ड्युट्या लागल्या, की चादरींच्या खोलीत गठ्ठ्यावर टेकून एखादं गणित करायचं, असं तिने ठरवून टाकलं. काही वेळा तेही जमलं नाही. त्या प्रत्येक वेळी तिला आता संपलं असंच वाटलं. त्या वाटण्याशी तिची कधी दोस्ती झाली नाही. ते वाटत असतानाच ती बसायला शिकली, एवढंच.

परीक्षा झाली, निकाल लागला. गणित सुटलं, काठावर का होईना. इंग्रजी राहिलं.

वॉर्डच्या सिस्टरने सांगितलं, की पूर्ण पास झाल्याशिवाय नाव वर पाठवता येत नाही, तोवर कंत्राट टिकलं तर टिकलं. मावशी चादरींच्या खोलीत जाऊन दार लावून रडली. नवऱ्याला कळवायचं धैर्य तिला संध्याकाळपर्यंत झालं नाही. सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "मग आता?"

"आता काय," ती म्हणाली, "आजचा दिवस गेला. उद्या बसते."

सकाळी तिने इंग्रजीचं पुस्तक काढलं आणि जिथे थांबली होती तो धडा उघडला. पहिलाच शब्द अडला. त्याखाली रेघ मारून ती पुढे वाचत राहिली.