डोक्यातलं बियाणं

बाभुळगावजवळच्या बीजोत्पादन प्लॉटवर मी सात हंगाम काढले. संध्याकाळी मादी ओळीतल्या कळ्यांमधले पुंकेसर चिमटीनं काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल त्या कळ्यांवर फिरवायचं. त्यातून संकरित कपाशीचं बियाणं तयार व्हायचं. मजूर बायांना हे शिकवणं आणि प्लॉटवर लक्ष ठेवणं हे माझं काम. कोणता नर कोणत्या मादीवर लावायचा, हे कंपनीत आम्हा तिघाचौघांनाच ठाऊक असायचं. बाकीच्यांसाठी फक्त सांकेतिक आकडे.

बोंडअळीनं जिल्हा पोखरला, त्या वर्षी कंपनीनं इथला प्लॉट बंद केला आणि माझी बदली दुसऱ्या राज्यात केली. आई अंथरुणाला खिळलेली होती. तिचं करायला दुसरं कोणी नव्हतं. मी राजीनामा दिला, नोटिशीचा महिना पूर्ण केला आणि यवतमाळातल्या एका छोट्या बियाणं कंपनीत लागले.

तिथं बसायला जागाही नीट मिळाली नव्हती, तोच कोर्टाचं समन्स आलं. जुन्या कंपनीनं दावा लावला होता. नेमणुकीच्या करारात दोन अटी होत्या: सोडल्यावर दोन वर्षं विदर्भात कोणत्याही बियाणं कंपनीत काम करायचं नाही, आणि कंपनीची गुपितं कधीच बाहेर सांगायची नाहीत. दोन्हींवर त्यांना तातडीचा मनाई हुकूम हवा होता.

कोर्टासमोरच्या गल्लीत आमच्या ओळखीचे एक वयस्कर वकील बसायचे. त्यांनी करार सावकाश वाचला.

"पोरी, तू नोकरीत असताना दुसरीकडं काम केलं असतं तर त्यायची बाजू भारी असती. पण नोकरी सुटल्यावर कोणाच्या पोटावर बंदी घालता येत नाही. करार कायद्याचं सत्ताविसावं कलम हाय. अशी अट कागदावर असली तरी बाद हाय."

"मंग दुसरी अट?"

"ते टिकते. जे खरंच गुपित हाय, ते सोडल्यावरबी त्यायचंच. जे सगळ्या गावाले माहीत हाय, ते गुपित नाही. आन् तुह्या हातातलं कसब तुह्यं. आता सांग, नव्या मालकाले काही सांगितलं का?"

"नाही."

"कागद, मोबाइलमंधी काही?"

"सगळं परत केलं."

घरी आईला हे समजावलं. ती म्हणाली, "कागद परत करता येते. डोक्यातलं कसं परत करशीन?"

सुनावणीला कंपनीचे वकील नागपूरहून आले. त्यांचं म्हणणं, ही बाई दुसऱ्याच्या शेतात उभी राहिली तरी आमचं गुपित फुटलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, फुटल्याचा पुरावा काय? तो नव्हता. त्यांनी निकाल होईपर्यंतचा हुकूम दिला: दुसरीकडे नोकरी करायला मनाई नाही, परागीकरणाचं कौशल्य माझं स्वतःचं, मात्र वाणांचे नर-मादी कोणते आणि चाचणी प्लॉटची आकडेवारी काय, हे मी कोणालाही सांगायचं नाही, वापरायचंही नाही.

पायऱ्या उतरताना वकीलसाहेब म्हणाले, "नोकरी वाचली तुही."

दुसऱ्या दिवशी नव्या मालकानं केबिनमध्ये बोलावलं. हुकूम त्यानंही वाचला होता.

"मॅडम, त्या मोठ्या बोंडाच्या वाणाची मादी कोणती, तेवढं सांगा. बाहेर कोणाले समजत नाही."

"साहेब, ते मले सांगता येत नाही."

"कोर्टानं तर काम करू दिलं ना?"

"काम करू दिलं. हे नाही."

तो चिडला नाही. पेन खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "कळ्या खुडणाऱ्या बाया मले रोजीनं भेटते. तुमाले मी कायले ठेवलं होतं?"

महिना संपला तेव्हा त्यानं मला मोकळं केलं. त्यानंतर मी आणखी तीन ठिकाणी गेले. हुकुमाची प्रत सोबत नेली. माझ्यावर बंदी नाही, हे दाखवायला. ती पाहूनच लोक सावध व्हायचे. कोर्टकचेरीची बाई कोणाला नको होती. जी बंदी न्यायाधीशबाईंनी घातली नव्हती, ती यवतमाळच्या बियाणं बाजारानं न बोलता घातली.

दोन हंगाम गेले. आई त्यातल्या पहिल्याच हिवाळ्यात गेली. शेवटी करारातली दोन वर्षांची मुदत उलटल्यावर कंपनीनं तडजोडीचा प्रस्ताव दिला. नोकरीबंदीची मागणी त्यांनी सोडली, गुपिताची अट मी कबूल केली. जी अट मी कधी मोडलीच नव्हती, तिच्यावर पुन्हा एकदा सही केली.

आता मी मिरची-वांग्याची रोपं तयार करून विकते. कपाशीच्या वाटेला जात नाही. तरी सप्टेंबरमध्ये एसटीतून जाताना एखाद्या शेतात फुलं पाहिली, की त्या वाणाची मादी कोणती असेल, ते माझ्या लक्षात येतं. शेजारी बसलेल्या बाईला मी तेवढंच म्हणते, "यंदा कपाशी बरी दिसते."