अमावास्येला न घेतलेलं पत्र

चूक माझीच होती. सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणाऱ्या शिक्षिकेची करमाळ्याला बदली झाली, तेव्हा घर सोडत असल्याचं कळवणारं आणि डिपॉझिट परत मागणारं पत्र घेऊन ती महिनाअखेरीस आमच्या दारी आली. करारानुसार महिनाभर आधी लेखी कळवायचं होतं आणि ती वेळेत आली होती. पण त्या दिवशी अमावास्या होती. घर रिकामं होण्याचा कागद अशा दिवशी हातात घ्यायला माझं मन धजेना. "उद्या द्या," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहिली तारीख होती. मी पत्र घेतलं आणि तिच्या प्रतीवर त्याच तारखेची पोच दिली. पुढच्या महिनाअखेरीस ती किल्ली द्यायला आली, तेव्हा नोटीस उशिरा मिळाली म्हणून करारावर बोट ठेवून मी डिपॉझिटमधून महिन्याचं भाडं कापलं.

"काका, मी आदल्या दिवशीच आले होते की," ती म्हणाली. "करमाळ्याच्या घराचं डिपॉझिट याच पैशांतून भरायचंय मला."

"पोचेवर तारीख आहे," मी म्हणालो.

आतून बायको म्हणाली, "अमावास्येला भाडं आलं असतं, तर परत पाठवलं असतंत का हो?"

मी मोबाइल काढला. कापलेली रक्कमही मी तिथेच तिच्या खात्यावर पाठवली. मग म्हणालो, "बाई, पत्र तुम्ही वेळेत आणलं होतं. मीच घेतलं नाही. मला माफ करा."